एसजीओटी मुळात काळजाची तपासणी होती

गेल्या कार्तिकात, सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असताना, २४ वर्षांचा एक पोरगा माझ्या लॅबमध्ये आला. सोबत बाप होता. पोराच्या लघवीचा रंग दोन दिवसांपासून काळ्या चहासारखा झाला होता, म्हणून घरच्यांनी कावीळ धरली. गावात एक इंजेक्शन झालं होतं आणि वैदूकडचं झाडपाल्याचं औषधही घेऊन झालं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त ‘एलएफटी’, म्हणजे लिव्हरची तपासणी, एवढंच लिहिलं होतं.

रिपोर्ट असा आला: एसजीओटी २४८, एसजीपीटी ७१, अल्कलाइन फॉस्फेटेज ९२, बिलिरुबिन ०.८. पहिली दोन ही एन्झाइम्स, त्यांची वरची मर्यादा आमच्याकडे ४० छापलेली असते. एसजीओटी एसजीपीटीच्या जवळजवळ साडेतीन पट. दोनच्या वर गेलं की दारूचं लिव्हर, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना तोंडपाठ असतं. बापाला कुणीतरी बाहेरच तसं सांगून टाकलं होतं. पोरगा रडवेला होऊन म्हणाला, “भाऊ, म्या पेतच नाही जी.”

तो खरं बोलत होता. ते कसं कळलं, यासाठी या दोन आकड्यांचा जुना इतिहास बघावा लागतो. रिपोर्टवर ते ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’च्या मथळ्याखाली छापले जातात, आणि घोटाळा त्या मथळ्यापासूनच सुरू होतो.

अमिनो आम्लावरचा नायट्रोजनचा गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणारी एन्झाइम्स शरीरात असतात, हे १९३७ साली मॉस्कोत ब्राउनस्टाइन आणि क्रिट्झमान यांनी दाखवलं. त्यांचा अभ्यास स्नायूंवर होता. लिव्हरच्या आजाराशी त्याचा संबंध नव्हता. पुढे १९५४ साली न्यूयॉर्कच्या लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी प्रसिद्ध केलं की हार्ट अटॅक आलेल्या रुग्णाच्या रक्तात यातलं एक एन्झाइम वाढतं. काळजाचा स्नायू मेला की त्याच्या पेशींतला माल रक्तात सांडतो आणि तो मोजता येतो. ते एन्झाइम म्हणजे एसजीओटी, आताच्या नावानं एएसटी. पुढची बरीच वर्षं ती हार्ट अटॅकची तपासणी म्हणूनच सांगितली जात होती. मग सीके हे स्नायूंतलं दुसरं एन्झाइम आलं, त्यानंतर ट्रोपोनिन हे काळजाच्या स्नायूतलं प्रथिन आलं आणि काळजाच्या कामातून एसजीओटी निवृत्त झाली. लिव्हरच्या पॅनेलमध्ये मात्र ती कायम राहिली.

त्याच दशकात लिव्हरच्या आजारातही हे एन्झाइम वाढतं हे लक्षात आलं आणि त्याच्या जोडीला एसजीपीटी, म्हणजे एएलटी, मोजायला सुरुवात झाली. नेपल्सला दे रितिस आणि त्यांचे सहकारी विषाणूजन्य कावीळ अभ्यासत होते. दोन्ही एन्झाइम्स वाढतात, पण सारख्या प्रमाणात नाही, हे त्यांनी पाहिलं. १९५७ मध्ये त्यांनी एकाला दुसऱ्यानं भागून येणारं गुणोत्तर मांडलं. साध्या विषाणूजन्य काविळीत एसजीपीटी वरचढ असते, म्हणजे एसजीओटी भागिले एसजीपीटी एकाच्या खाली येतं. आजही या भागाकाराला दे रितिस गुणोत्तर म्हणतात.

असं का होतं, याचं उत्तर पेशीच्या आत आहे. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरच्या पेशीत असते आणि तिथल्या पातळ द्रवात मोकळी असते. पेशीचं आवरण जरासं सैल झालं तरी ती बाहेर येते. एसजीओटीचा मोठा हिस्सा पेशीच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियात बंद असतो, तो सुटायला घाव खोल लागतो. शिवाय एसजीओटी लिव्हरपुरती नाही. काळीज, हातापायांचे स्नायू, मूत्रपिंड, लाल रक्तपेशी, सगळीकडे ती आहे.

दारूचा मामला निराळा. दारू मायटोकॉन्ड्रियावर घाव घालते, म्हणून एसजीओटी बाहेर पडते. दुसरीकडे बी-६ जीवनसत्त्व नसेल तर ही एन्झाइम्स काम करत नाहीत, आणि रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-६ कमी असतं. त्याचा फटका एसजीपीटीला जास्त बसतो. लिव्हर बिघडलेलं असूनही ती थोडीच वाढलेली दिसते आणि भागाकार दोनच्या वर जातो. मोहाची असो की देशी, पिणाऱ्याच्या रिपोर्टात हे चित्र मी पुष्कळदा पाहिलं आहे: एसजीओटी १६०, एसजीपीटी ६०, असं काहीसं. नुसत्या दारूनं एसजीओटी सहसा ३०० च्या पुढे जात नाही. आकडा हजारात असेल तर तीव्र हिपॅटायटिस, पॅरासिटामॉलचा जादा डोस किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं, असं काही शोधावं लागतं, मग माणूस पिणारा का असेना.

इथे मोजण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. मी शिकलो तेव्हा तालुक्याच्या लॅबमध्ये राइटमन-फ्रँकेल पद्धत चालायची, तीही १९५७ चीच. सीरम आणि द्रावण ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं, एसजीओटीला एक तास, एसजीपीटीला अर्धा तास. मग रंग आणणारं द्रावण घालून वीस मिनिटं थांबायचं, कॉस्टिक सोडा घालायचा आणि तपकिरी रंग कलरीमीटरवर वाचायचा. मधेच लाइन गेली की पाण्याचं तापमान उतरायचं आणि आकडाही उतरायचा. मोठ्या आकड्याला तर रंग प्रमाणात वाढतच नसे, नमुना पातळ करून पुन्हा लावावा लागे. कंटाळा करणाऱ्याच्या हातून गंभीर रुग्णाचा रिपोर्ट ‘थोडा वाढलेला’ म्हणून गेलेला मला माहीत आहे. आताचं यंत्र कारमेन यांच्या पद्धतीनं, ३४० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते सेकंदासेकंदाला मोजतं. पण बऱ्याच किटमध्ये बी-६ घातलेलं नसतं. त्यामुळे कुपोषित किंवा पिणाऱ्या माणसाची एसजीपीटी एका लॅबमध्ये कमी आणि दुसरीत जास्त येऊ शकते, आणि दोघांचंही चुकलेलं नसतं.

वरची मर्यादा ४० हा आकडाही असाच जुना. तो ठरवताना निरोगी म्हणून धरलेल्या माणसांत चरबी साचलेल्या लिव्हरचे लोकही मोजले गेले होते. २००२ साली इटलीतल्या प्राती यांच्या गटानं अशी माणसं वगळून हिशेब केला, तेव्हा एसजीपीटीची मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ आली. आमच्या छापील फॉर्मवर अजून ४० च आहे.

दुसरं मोठं चित्र अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमचं. पित्ताची वाट अडली की ती वाढते आणि एसजीपीटी मागे राहते. हिशेब असा करतात: एसजीपीटी तिच्या मर्यादेच्या किती पट, अल्कलाइन फॉस्फेटेज तिच्या मर्यादेच्या किती पट, आणि पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर पाच किंवा वर आलं तर घाव पेशीवर आहे, दोन किंवा खाली आलं तर अडथळा पित्ताच्या बाजूला आहे, मधलं आलं तर मिश्र. ही पद्धत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या त्रासासाठी १९९० च्या सुमारास ठरली. वाढत्या वयाच्या पोरांत हाडांमुळेही फॉस्फेटेज वाढते, एवढं सोडलं तर ती कामाची आहे.

आता त्या पोराकडे. काविळीचा पिवळेपणा आणणारं बिलिरुबिन त्याचं ०.८, म्हणजे मर्यादेत होतं आणि डोळे पांढरेशुभ्र. लघवी इतकी काळी होण्याएवढी कावीळ असती तर डोळे पिवळे व्हायला हवे होते. मी लघवीची पट्टी बुडवली. बिलिरुबिनचा चौकोन कोरा राहिला आणि रक्ताचा चौकोन गर्द हिरवा झाला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी नावाला दोन-तीन. पट्टीला रक्त दिसतं आणि काचेवर पेशी दिसत नाहीत, तेव्हा लघवीत एक तर फुटलेल्या रक्तपेशींतलं हिमोग्लोबिन असतं, नाहीतर स्नायूंतलं मायोग्लोबिन.

आपल्या भागात पहिली शंका सिकलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची येते, आणि ती घ्यावीच. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच लिहिलं होतं. सिकलच्या पोरांत लाल पेशी फुटतात, एसजीओटी वाढते, एसजीपीटी जागेवर राहते, डोळे पिवळट होतात, आणि घरचे त्याला कावीळ समजून वैदूकडे नेतात. पण त्यात बिलिरुबिन वाढतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. या पोराचं हिमोग्लोबिन १३.६ होतं आणि सिकलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह. नमुनाच खराब झाला असेल का, हेही पाहिलं. उन्हातान्हात मोटरसायकलच्या डिकीतून आलेल्या बाटलीत पेशी फुटतात आणि एसजीओटी फुकट वाढते. तेव्हा सीरम गुलाबी दिसतं. याचं स्वच्छ पिवळं होतं.

मग विचारलं, काम काय करतो? त्यानं आणि आणखी तिघांनी आठ एकर सोयाबीन गुत्त्यानं घेतलं होतं. पोरगा पुण्याला कंपनीत होता, दिवाळीला गावी आला आणि सवय नसताना तीन दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत सोंगणी केली. मांड्या आणि पाठ धरली होती, बसून उठता येत नव्हतं. हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला आणि सीकेसाठी नमुना जिल्ह्याला पाठवला. आकडा आला ११,२००. साधारण माणसात तो दोनशेच्या आत असतो. इंजेक्शननंही सीके वाढते, पण काही शेकड्यांत, एवढी नाही.

स्नायूतून एसजीओटी पुष्कळ आणि एसजीपीटी थोडी सांडली होती, म्हणून गुणोत्तर दारूसारखं दिसलं. लघवीचा काळा रंगही स्नायूंतल्या मायोग्लोबिनचाच होता. यात धोका लिव्हरला नसतो, मूत्रपिंडाला असतो. डॉक्टरांनी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवलं, तिथे सलाइन चढवून लघवीचं प्रमाण आणि मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन पाहत राहिले. झाडपाल्याचं औषध आधी बंद केलं.

सहाव्या दिवशी तो परत आला: एसजीओटी ६१, एसजीपीटी ५८, सीके १,१५०. साडेतीनचं गुणोत्तर पाच दिवसांत एकावर आलं होतं. रक्तातली एसजीओटी साधारण १७ तासांत निम्मी होते, एसजीपीटीला ४७ तास लागतात. सांडणं थांबलं की पहिली भरभर उतरते आणि दुसरी रेंगाळते. तो सहाव्या दिवशीच पहिल्यांदा आला असता, तर दोन्ही सारख्या वाढलेल्या बघून मीही फॅटी लिव्हरचा संशय धरला असता.

तीन आठवड्यांनी २७ आणि २५. बाप रिपोर्ट घडी करून खिशात ठेवत म्हणाला, “मंग गावात सांगू का आता, का पोरगं पेत नाही म्हणून?” मी म्हटलं, सांगा.