रोधकांच्या जाळ्यातील धारा : मोजलेल्या आणि काढलेल्या किमतींतील फरकाचा निष्कर्ष

पदविका आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला विद्युत प्रयोगशाळेत बहुधा सुरुवातीलाच येणारा प्रयोग म्हणजे एकसर-समांतर जोडलेल्या रोधकांतून (रेझिस्टरमधून) वाहणारी धारा मोजणे आणि ती गणिताने काढलेल्या धारेशी ताडून पाहणे. किरचॉफने १८४५ मध्ये मांडलेला धारेचा नियम यात पडताळला जातो. दोन्ही किमती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. तो फरक कुठून आला हे आकड्यांनिशी सांगणे हे या प्रयोगाच्या निष्कर्षाचे काम. जर्नलमध्ये मात्र तिथे ‘मानवी चुकांमुळे थोडा फरक आला, नियम सिद्ध झाला’ एवढीच ओळ वर्षानुवर्षे उतरवली जाते. तिच्यातून काहीच कळत नाही.

एक मंडल घेऊ. ५ व्होल्टचा पुरवठा, त्याला एकसर R1 = २२० ओहम, आणि पुढे समांतर जोडलेले R2 = ३३० व R3 = ४७० ओहम. समांतर जोडीचा रोध १९३.९ ओहम आणि एकूण ४१३.९ ओहम होतो. म्हणून मुख्य धारा १२.०८ मिलिअँपिअर, आणि दोन फांद्यांत अनुक्रमे ७.१० व ४.९८ मिलिअँपिअर यायला हव्यात. साधा डिजिटल मल्टिमीटर २० मिलिअँपिअरच्या रेंजवर ठेवून, तोच मीटर एकेका जागी लावत गेल्यावर वाचने आली ११.८२, ७.०३ आणि ४.८५. म्हणजे मुख्य धारा सुमारे २.२ टक्क्यांनी कमी.

पहिली शंका रोधकांवर घ्यायची. सोनेरी पट्टा असलेला रोधक छापील किमतीच्या पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो, पण म्हणून ‘टॉलरन्समुळे फरक’ असे लिहून मोकळे होता येत नाही, कारण रोधक मंडलातून काढून त्याच मीटरने मोजता येतो. आपल्या उदाहरणात ते २१८, ३२५ आणि ४७३ ओहम भरले. या किमती घालून गणित पुन्हा केले की एकूण रोध ४१०.६ ओहम आणि मुख्य धारा १२.१८ येते, म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी ०.१० मिलिअँपिअरने वाढते! टॉलरन्स इथे फरकाचे कारण तर नाहीच, उलट तो फरक थोडा झाकतो आहे. कारण लिहिताना ते धारा कोणत्या दिशेला ढकलते हे आधी पाहावे लागते. दिशाच उलटी असेल तर कारण बाद.

मंडल चालू असताना पुरवठ्याच्या टोकांना व्होल्टमीटर लावला तर ४.९८ व्होल्ट दिसले. त्यामुळे अपेक्षित धारा १२.१३ वर आली. अजून ०.३१ मिलिअँपिअरचा हिशेब लागायचा आहे.

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मीटरच निघतो. धारा मोजताना मीटर मंडलाच्या मधोमध, एकसर बसतो, आणि ती धारा आतल्या एका छोट्या रोधातून नेऊन त्याच्यावरचे विभवांतर वाचतो. या स्वस्त मीटरांत पूर्ण रेंजला २०० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे २० मिलिअँपिअरच्या रेंजवर आतला रोध १० ओहमचा. चारशे ओहमच्या मंडलात दहा ओहम घुसले की सव्वादोन-अडीच टक्के धारा कमी होणारच. ४.९८ ला ४२०.६ ने भागले की ११.८४ मिलिअँपिअर येते. वाचन होते ११.८२.

हे खरे की नाही हे गणिताशिवायही तपासता येते. मीटर २०० मिलिअँपिअरच्या रेंजवर फिरवला की आतला रोध १ ओहमवर येतो, आणि वाचन १२.१ च्या आसपास चढते. एकच दशांश स्थळ दिसते खरे, पण चढ स्पष्ट असतो. मंडलाला हात न लावता धारा बदलली, तेव्हा फरक मीटरचाच.

आता त्या तीन वाचनांकडे पुन्हा पाहा. ७.०३ आणि ४.८५ यांची बेरीज ११.८८ होते, पण मुख्य धारा ११.८२ आहे. आत येणाऱ्या धारेपेक्षा बाहेर जाणारी जास्त! इथे विद्यार्थी हमखास गोंधळतो, आणि काही जण आकडा ‘सुधारून’ टाकतात. नियम मोडलेला नसतो. एकच मीटर तीन ठिकाणी फिरवला, त्यामुळे तीन वाचने तीन वेगळ्या मंडलांची आहेत. मुख्य तारेत बसलेला मीटर सगळी धारा अडवतो. फांदीत बसला की फक्त त्या फांदीत अडथळा होतो, आणि थोडी धारा शेजारच्या फांदीने निघून जाते. मोजलेले रोध आणि मीटरचे १० ओहम धरून फांद्यांच्या अपेक्षित धारा ७.०४ व ४.८६ येतात. त्यांची बेरीजही ११.८४ पेक्षा ०.०६ ने जास्तच भरते, म्हणजे वाचनांत दिसला तेवढाच फरक. तीन मीटर एकदम लावले तर बेरीज मीटरच्या अचूकतेत जुळते, मात्र मुख्य धारा ११.७० च्या आसपास उतरते.

उरले ०.०२ मिलिअँपिअर. मीटरचा फ्यूज आणि प्रोबच्या वायरी यांचा अर्धा-एक ओहम धरला तर तेवढा फरक पडू शकतो. पण समजा, मीटरच्या पुस्तिकेत अचूकता ‘वाचनाच्या १ टक्का अधिक २ अंक’ अशी दिली आहे. मग ११.८२ च्या वाचनावर ०.१४ मिलिअँपिअरची अनिश्चितता आधीच आहे. तिच्या आतल्या फरकाला कारण चिकटवू नये, ‘अनिश्चिततेत बसतो’ एवढेच म्हणावे.

काही कारणे जुन्या जर्नलांतून उतरत आली आहेत. डिजिटल मीटरला काटाच नसल्यामुळे ‘काटा तिरपा पाहिल्याची चूक’ संभवत नाही. ‘रोधक तापून रोध वाढला’ हेही इथे चालत नाही. R1 मध्ये जेमतेम ३२ मिलिवॉट खर्च होतात आणि पाव वॉटचा रोधक तेवढ्याने फारसा तापत नाही. शिवाय कार्बन फिल्मचा रोध तापल्यावर किंचित घटतो. ब्रेडबोर्डवरची सैल जोडणी हे कारण खरे असू शकते, पण मग वायर हलवल्यावर वाचन नाचले का, हे लिहायला हवे.

वरच्या प्रयोगाचा निष्कर्ष साधारण असा होईल :

‘छापील किमतींवरून काढलेली मुख्य धारा १२.०८ मिलिअँपिअर, मोजलेली ११.८२, फरक −०.२६. मोजलेले रोध वापरल्याने अपेक्षित धारा ०.१० ने वाढते, पुरवठा ४.९८ व्होल्ट असल्याने ०.०५ ने घटते, आणि मीटरच्या १० ओहमांमुळे ०.२९ ने घटते. उरलेला ०.०२ चा फरक मीटरच्या ±०.१४ च्या अनिश्चिततेत बसतो. फांद्यांच्या धारांची बेरीज मुख्य धारेपेक्षा ०.०६ ने जास्त आहे. मीटर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असल्यामुळे एवढा फरक अपेक्षित आहे. ही वाचने किरचॉफच्या धारा नियमाशी सुसंगत आहेत.’

शेवटच्या वाक्यात ‘सिद्ध’ न म्हणता ‘सुसंगत’ म्हटले आहे, कारण एक टक्का अचूकतेच्या मीटरने त्याहून मोठा दावा करता येत नाही. सुधारणा सुचवायचीच असेल तर ‘जास्त काळजी घ्यावी’ असे लिहू नये. R1 वरचे विभवांतर मोजून त्याला मोजलेल्या रोधाने भागावे. व्होल्टमीटरचा रोध १ मेगाओहम जरी असला, तरी २१८ ओहमला समांतर लावल्यावर त्याचा परिणाम शतांश टक्क्यांतच राहतो.