कोर्टातला दावा : तरतूद की कंटिन्जंट लायबिलिटी

कंपनीवर कोणीतरी दावा लावलाय आणि निकाल लागायचाय, तर 31 मार्चला ती रक्कम पुस्तकात घ्यायची की नुसती टीपेत लिहायची, हा ह्या नोंदीचा विषय. भारतात याचा नियम एएस 29 ह्या हिशेबाच्या मानकात आहे (इंड एएस वापरणाऱ्या कंपन्यांसाठी इंड एएस 37). जुन्या घटनेमुळं देणं लागतंय, पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त आहे आणि आकडा बऱ्यापैकी धरता येतो, ह्या तिन्ही गोष्टी असल्या की तरतूद, म्हणजे पुस्तकात एंट्री. पैसे जातील असं वाटत नाही पण अगदीच नाकारताही येत नाही, तर ती कंटिन्जंट लायबिलिटी, म्हणजे फक्त टीप, एंट्री नाही. शक्यता नगण्य असेल तर टीपही नको.

समजा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीनं पंप हाऊसिंगचं कास्टिंग दिलं, त्यात ब्लोहोल निघाले आणि गिऱ्हाइकानं 18 लाखाचा दावा ठोकला: 12 लाख मालाचे आणि 6 लाख लाईन बंद पडल्याचे. पहिल्या वर्षीच्या 31 मार्चला फौंड्रीचे वकील म्हणाले, दोष आमचा की त्यांच्या मशिनिंगचा हेच ठरलेलं नाही, हरण्यापेक्षा जिंकायचा चान्स जास्त. मग अख्खे 18 लाख टीपेत. पुढच्या वर्षी लॅबचा रिपोर्ट आला, दोष ओतकामातच. आता वकिलांचं लेखी मत असं की 12 लाख जाणार, पण 6 लाख गिऱ्हाइकाला मिळणं अवघड, कारण पर्चेस ऑर्डरमध्ये अप्रत्यक्ष नुकसान देणार नाही असं कलम आहे. तेव्हा एकाच खटल्याचे दोन तुकडे होतात:

नुकसानभरपाई खर्च खाते नावे 12,00,000
खटला तरतूद खाते जमा 12,00,000

उरलेले 6 लाख टीपेतच. इथंच चूक होते, कोणी सेफ म्हणून पूर्ण 18 ची तरतूद करतो, कोणी "अजून निकाल कुठं लागलाय" म्हणून शून्य ठेवतो. निकालाची वाट बघणं हा निकष नाहीच. आणि इन्शुरन्सकडून काही मिळेल म्हणून 12 चे 8 करायचे नाहीत, ती येणी मिळणारच हे जवळपास नक्की असेल तरच वेगळी मालमत्ता म्हणून दाखवायची.

पुढं निकाल 13 लाखाचा लागून पैसे भरले, तर:

खटला तरतूद खाते नावे 12,00,000
नुकसानभरपाई खर्च खाते नावे 1,00,000
बँक खाते जमा 13,00,000

निकाल 10 लाखाचा असता तर उरलेले 2 लाख उलटवून नफ्यातोट्यात जमा. हा 1 लाखाचा फरक जुन्या वर्षाची चूक धरायची नाही, तो अंदाजातला बदल, चालू वर्षातच बसतो. मात्र निकाल 31 मार्चनंतर पण हिशेब संचालकांनी मंजूर करायच्या आधी आला तर जुन्याच वर्षाची तरतूद 13 लाख करावी लागते, म्हणून ऑडिटर सही करायच्या दिवशीपर्यंत वकिलांचं ताजं पत्र मागत राहतात.