ई-२० पेट्रोल आणि गाडीचं साल: मनमाड-मिरजेपासूनची पार्श्वभूमी

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे सरकारी प्रयोग २००१ साली सुरू झाले, तेव्हा निवडलेल्या तीन ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती, मनमाड आणि मिरज. तिसरं होतं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. निवडीमागचं कारण उघड आहे. साखर कारखान्यांकडे मळी होती, मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलऱ्या होत्या आणि तेल कंपन्यांचे डेपो जवळ होते. मिश्रण होतं फक्त ५ टक्क्यांचं, आजच्या ई-२० सारखं २० टक्क्यांचं नाही. जानेवारी २००३ मध्ये ते नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत लागू झालं, पण पुढची दहा वर्षं कार्यक्रम रखडतच चालला. कधी ऊस कमी, कधी दरावरून घासाघीस. २०१३-१४ मध्ये देशभरातलं सरासरी मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतं.

आज जुनी गाडी घेताना हा आकडा लक्षात ठेवायला हवा. २०१० किंवा २०१२ साली घेतलेल्या गाडीने आपली तरुणपणाची वर्षं जवळजवळ शुद्ध पेट्रोलवर काढली. ‘इतकी वर्षं चालतेय, काही झालं नाही’ हा विकणाऱ्याचा युक्तिवाद त्यामुळे फारसा कामाचा नाही. खरी चढण नंतर आली. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० साठी होतं. जून २०२१ मध्ये नीती आयोगाच्या समितीने आराखडा दिला आणि लक्ष्य २०२५-२६ वर आलं. जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्के गाठली गेली. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० ची औपचारिक सुरुवात झाली, तेव्हा ते देशातल्या मोजक्या ८४ पंपांवर मिळत होतं. २०२५ उजाडेपर्यंत साधं पेट्रोल मागितलं की हातात येतं ते ई-२० च, अशी स्थिती झाली.

इंधन या वेगाने बदललं. गाड्या मात्र त्यांच्या वेळापत्रकाने बदलल्या. २००८ पासून बनलेल्या गाड्यांमधले रबर-प्लास्टिकचे भाग १० टक्के इथेनॉल सोसतील असे होते, पण इंजिनची जुळणी, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण वगैरे, ५ टक्क्यांना धरून होती. नीती आयोगाच्या आराखड्याने दोन टप्पे आखले: एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग ई-२० सोसणारे असावेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनची जुळणीही ई-२० साठी असावी. म्हणजे ‘ई-२० चालतं का?’ या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न दडलेले आहेत. भाग कुजतील का, आणि इंजिनला या इंधनाचं गणित येतं का? दुकानात बहुधा एकाचंच उत्तर मिळतं आणि ते दोन्हींचं म्हणून खपवलं जातं.

त्याच आराखड्यात आणखी एक शिफारस होती, जी पुढे कुणी फारशी आठवली नाही. जुन्या गाड्यांसाठी ई-१० पंपावर मिळत राहावं. ते राहिलं असतं, तर ई-२० ने जुन्या गाड्या बिघडतात, मायलेज घटतं यावरून ऑगस्ट २०२५ मध्ये उसळलेला वाद निम्मा तरी उसळला नसता असं माझं मत आहे. त्या वादातून ग्राहकाला पर्याय द्या, निदान पंपावर टक्केवारी लिहा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १ सप्टेंबर २०२५ ला न्यायालयाने ती फेटाळली.

आधी भागांचं पाहू. इथेनॉल हा चांगला द्रावक आहे. साधं नायट्राइल रबर, कॉर्कचे गॅस्केट आणि काही प्लास्टिकं त्यात फुगतात, मऊ होतात आणि सुकल्यावर कडक होऊन तडकतात. नव्या गाड्यांत त्याऐवजी फ्लोरोरबरचे सील आणि योग्य थर दिलेले होज पाइप असतात. ओलावा आला की ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रधातूंना गंज चढतो. कार्ब्युरेटरचं अंग बहुधा याच धातूंचं असतं, आणि त्याच्या वाटीत साचणारी पांढरी भुकटी हे या गंजाचंच लक्षण. शिवाय वर्षानुवर्षं टाकीत चिकटलेला चिकट थर इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. जुन्या गाडीत ई-२० सुरू झाल्यावर लगेच फिल्टर तुंबला, तर मेकॅनिक इंधनाला दोष देतो. कचरा मात्र आधीपासून टाकीतच होता.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात जुन्या गाड्यांना धोका नाही असं म्हटलं, पण त्याच खुलाशात हेही होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. या कबुलीत घेणाऱ्याच्या कामाची गोष्ट आहे. हे भाग स्वस्त आहेत, मात्र ते बदलले आहेत का, याची पावती मागायला हवी.

आता गणित. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर ही तफावत ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, इंधन वाढवून घेतो. कार्ब्युरेटरला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या जेटमधून ठरलेलंच इंधन जातं, म्हणून मिश्रण हवेच्या बाजूला झुकतं. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करतं, थ्रॉटल पिळल्यावर क्षणभर दम अडकतो, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लगचं टोक पांढरट दिसतं. भारतात रोजच्या वापराच्या बहुतेक दुचाकी मार्च २०२० पर्यंत, म्हणजे प्रदूषणाचे बीएस-४ नियम संपेपर्यंत, कार्ब्युरेटरवरच होत्या. त्यामुळे दुचाकी घेणाऱ्यासाठी २०२३ इतकीच २०२० ची रेषाही महत्त्वाची आहे. २०१९ ची आणि २०२१ ची स्कूटर दिसायला सारखी, किमतीत थोडा फरक, पण ई-२० पुढे त्या दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत.

मायलेजवरच्या भांडणात दोन्ही बाजूंचे आकडे खरे असू शकतात, कारण तुलना कशाशी हेच कुणी सांगत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलपेक्षा ई-२० मध्ये ऊर्जा ६ ते ७ टक्के कमी, पण ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्केच कमी. नीती आयोगानेही शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीसाठी ६-७ टक्के घट सांगितली होती, ई-१० साठी रचून ई-२० ला जुळवलेल्या गाडीसाठी १-२ टक्के.

एक उदाहरण घेऊ. जानेवारी २०२१ मध्ये बनलेली, मॅन्युअलमध्ये ई-१० लिहिलेली छोटी पेट्रोल कार तुम्ही वापरलेली म्हणून बघताय. ई-१० वर ती लिटरला १८ किलोमीटर देत होती असं धरलं, तर ई-२० वर साधारण १७.४ देईल. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर दोन लिटर जास्त, म्हणजे दोनशे रुपये. यासाठी गाडी नाकारण्यात अर्थ नाही. ती इंजेक्शनची आहे, मिश्रण स्वतः सावरून घेईल. सावरतेय का, हे स्कॅनर लावून पाहता येतं. इंजिन तापल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे ईसीयूने इंधन किती टक्के वाढवलंय तो, अधिक १० च्या पुढे असेल किंवा मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचा P0171 हा कोड नोंदलेला असेल, तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते कारण इथेनॉलच असेल असं नाही, हवेची गळती किंवा दमलेला फ्युएल पंपही असतो. या गाडीत पैसे राखून ठेवायचे ते होज पाइप, इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि फिल्टरसाठी. झाकण उघडून टाकीच्या तोंडाशी नाक न्या, मग बोनेट उघडून तिथेही. बोनेटखाली पेट्रोलचा वास आला तर पाइप आधी पाहायचे, किंमत नंतर बोलायची.

गाडी किती काळ उभी होती, हे मात्र मी सालाच्याही आधी विचारेन. गावी ठेवलेली, गणपतीला आणि शिमग्याला चालवलेली कोकणातली स्कूटर कमी किलोमीटरमुळे मोहात पाडते. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि काही प्रमाणात धरूनही ठेवतं. हवेतल्या दमटपणाने टाकी बिघडायला वेळ लागतो, पण झाकणाच्या झिजलेल्या रबरातून पावसाचं पाणी उतरलं की मर्यादा ओलांडते आणि इथेनॉल पाण्यासकट खाली बसतं. पेट्रोलचा पाइप तळाजवळून निघतो, म्हणजे इंजिनला आधी तोच खालचा थर मिळतो. अशा गाडीचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. गढूळ दिसलं किंवा दोन थर दिसले, तर टाकी रिकामी करून आतला गंज पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये खरंच किती इथेनॉल आहे, हेही घरी अंदाजाने कळतं. १०० मिलीच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, बंद करून हलवा, मग स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास आला तर पेट्रोल ई-२० आहे, १९ च्या जवळ थांबला तर ई-१०. हे उघड्या जागेत, आगीपासून दूर करायचं आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

नवी गाडी घेताना काळजीची जागा वेगळी. नोंदणीचं साल पाहू नका, आरसीवर उत्पादनाचा महिना असतो तो पाहा. मार्च २०२३ मध्ये बनून जुलैमध्ये विकली गेलेली गाडी एप्रिल २०२३ च्या टप्प्याआधीची असू शकते. उलट काही मॉडेल मुदतीआधीच ई-२० झाली होती, म्हणून शेवटचा शब्द मॅन्युअलमधल्या इंधनाच्या पानाचा. मार्च २०२१ च्या नियमानुसार गाडी किती इथेनॉल सोसते याचं ठळक स्टिकर लावणं उत्पादकावर बंधनकारक आहे. ते अनेकदा पेट्रोलच्या झाकणाशी असतं. ऑगस्ट २०२५ अखेर वाहन उत्पादकांच्या संघटनेने वॉरंटी पाळली जाईल असं सांगितलं. तरी तोंडी भरवशावर न राहता विक्रेत्याला चॅसिस नंबरसह ईमेल करावा: या नंबरच्या गाडीचे इंधनाचे सगळे भाग ई-२० चे आहेत का, इंजिनची जुळणी ई-१० ची की ई-२० ची, आणि पंप किंवा इंजेक्टर गेला तर ई-२० वापरलं म्हणून दावा नाकारला जाईल का? ‘सगळं चालतं साहेब’ एवढंच उत्तर आलं, तर तोच ईमेल कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नयेत.