नाम गिळणारं क्रियापद

मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत ‘मी मांस खातो’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं. पहिली तऱ्हा: ‘निक्क्वा इन नाकात्ल’. ‘क्वा’ म्हणजे खाणे, ‘नि’ म्हणजे मी, मधला ‘क’ म्हणजे ‘ते’, म्हणजेच कर्माची खूण. मग ‘इन नाकात्ल’, म्हणजे ते मांस. दुसरी तऱ्हा: ‘निनाकाक्वा’. बस, एवढंच. संपूर्ण वाक्य आणि शब्द एकच.

दुसऱ्या रूपात नेमकं काय झालं ते पाहू. ‘नाकात्ल’चा शेवटचा ‘त्ल’ गळाला. नाहुआत्लमध्ये तो स्वतंत्र नामाला लागणारा प्रत्यय आहे; तो नसलेलं ‘नाका’ एकटं उभं राहत नाही. शिवाय ‘क’ गेला. कर्माच्या खुणेची जागा आता मांसानेच घेतली आणि व्याकरणाच्या हिशेबी क्रियापद अकर्मक झालं! याला नामसमावेश म्हणतात. असे बरेच घटक एकाच शब्दात ओवणाऱ्या भाषा म्हणजे बहुसंश्लेषी भाषा.

यावर एक रास्त शंका येते: हा खरंच एक शब्द आहे, की लिहिणाऱ्याने मधली जागा गाळली? याचं उत्तर कानाने मिळतं. नाहुआत्लमध्ये आघात शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. सुटं ‘नाकात्ल’ म्हणताना जोर ‘ना’वर असतो. ‘निनाकाक्वा’मध्ये मात्र तो ‘का’वर सरकतो, आणि सबंध शब्दात मुख्य आघात तेवढा एकच. दोन शब्द नुसते जवळ आणून ठेवले असते, तर ‘ना’ने आपला जोर सोडला नसता.

मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘लाकूडतोड्या’. त्यातलं लाकूड कुठलं, किती, कोणाचं, हे कोणी विचारत नाही. पण आपली उडी इथेच संपते. ‘तो लाकूडतोडतो’ असं आपण म्हणत नाही. नाहुआत्ल बोलणारा नेमकं तेच म्हणतो, आणि त्याला काळ, पुरुष सगळं लावतो.

मग दोन्ही तऱ्हा हाताशी असताना बोलणारा कधी कोणती निवडतो? माझ्या मते या विषयातला सगळ्यात रंजक प्रश्न हाच, शब्दाच्या लांबीचा नव्हे. मेक्सिकोतल्याच उआउत्ला इथल्या नाहुआत्लमधला एक छोटा संवाद भाषाविज्ञानात बराच वापरला जातो. एक जण म्हणतो, ‘तू कधीच मांस खात नाहीस.’ इथे मांस हे वेगळं नाम आहे, कारण विषय नव्याने निघालाय. दुसरा उत्तरतो, ‘मी तर नेहमीच खातो’, आणि इथे तो ‘निनाकाक्वा’ वापरतो. मांसाची गोष्ट आता दोघांनाही ठाऊक आहे. तिच्याकडे पुन्हा बोट दाखवायचं कारण नाही. म्हणून मांस क्रियापदाच्या पोटात जातं आणि सगळा जोर ‘नेहमीच’वर राहतो. मराठीत अशा वेळी आपण कर्म सरळ गाळतो. तिथे ते गाळत नाहीत, आत ढकलतात.

उत्तर अमेरिकेतली मोहॉक भाषा याच्याही पुढे जाते. ‘वाकेनाक्ताह्नीनु’ म्हणजे ‘मी पलंग विकत घेतला’. ‘वा’ ही घटना घडल्याची खूण, ‘के’ म्हणजे मी, ‘नाक्त’ म्हणजे पलंग, ‘आ’ हा नुसता सांधा आणि ‘ह्नीनु’ म्हणजे विकत घेणे. मोहॉकमध्ये नाम आत गेल्यावरही बाहेर दुसरं नाम येऊ शकतं. कोणी एका विशिष्ट जातीचे मासे विकत घेतले, तर क्रियापदात मोघम ‘मासा’ असतो आणि बाहेर त्या जातीचं नाव. शब्दशः मांडायचं तर ‘मासाविकतघेतला’, आणि शेजारी नेमका कोणता ते. आतलं नाम इथे वर्गाची चिठ्ठी लावतं.

अर्थात काहीही आत घालता येत नाही. पलंग विकत घेतला जातो, मासा विकत घेतला जातो. ज्याला काही होतं ती वस्तू आत जाते. जाणूनबुजून काही करणारा कर्ता मोहॉकमध्ये असा आत जात नाही. ‘बाळ हसलं’ यातल्या बाळाला क्रियापदात शिरता येत नाही.

एक गल्लत मात्र नेहमी होते: शब्द लांबलचक दिसला की त्यात नामसमावेश आहे असं मानलं जातं. अलास्कातल्या युपिक भाषेतला ‘तुंतुस्सुकातार्निक्साइतेंग्किग्तुक’ हा शब्द फार मिरवला जातो. अर्थ: ‘आपण रेनडिअरच्या शिकारीला जाणार आहोत, असं तो अजून पुन्हा म्हणाला नव्हता.’ पण यात सुटा वापरता येईल असा मूळ शब्द एकच, सुरुवातीचा ‘तुंतु’, म्हणजे रेनडिअर. शिकार करणे, म्हणणे, पुन्हा, अजून नाही हे सगळे प्रत्यय आहेत. त्यातला एकही एकटा बोलता येत नाही. मोहॉकचं ‘ह्नीनु’ तसं नाही. पलंग बाहेर काढून ठेवला तरी ‘वाक्ह्नीनु’, म्हणजे ‘मी ते विकत घेतलं’, हे वाक्य उभं राहतंच. म्हणजे दोन्ही भाषा बहुसंश्लेषी खऱ्या, पण मोहॉक मुळाला मूळ जोडते आणि युपिक एकाच मुळावर प्रत्ययांचे थर चढवत जाते.