लातूर ते व्हर्जिनिया : सात फेऱ्यांचा हिशेब

सोयाबीनचे भाव दाखवणारी एक छोटी वेबसाइट आहे असे समजू. तिचा सर्व्हर स्वस्त मिळाला म्हणून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात घेतलेला आहे आणि भाव पाहणारे शेतकरी मात्र लातूर, औसा, उदगीर या भागातले आहेत. पानावर भावफलकाचा 300 किलोबाइटचा एक फोटो आहे. शेतकऱ्याकडे 100 एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असेल, तर एवढा फोटो वाहून आणायला खरे तर सेकंदाचा चाळिसावा भागही लागू नये. तरीही तो दीड सेकंदाने उमटतो, आणि कनेक्शनचा वेग दुप्पट करून घेतला तरी त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

याचे कारण अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. लातूरहून व्हर्जिनिया सरळ रेषेत सुमारे 13,000 किलोमीटर असल्याने जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच घेते. समुद्राखालच्या केबली वळसा घेऊन जातात, वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात एका फेरीला 200 मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो. आपण 220 धरू.

एवढ्याशा वेळाने काय बिघडते, असे वाटेल. पण फेरी एक नसते. पहिली फेरी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जोडणी होण्यात जाते आणि दुसरी संवाद सुरक्षित करण्यासाठी किल्ल्या ठरवण्यात. त्यानंतर फोटो मागितला, तरी सर्व्हर तो एका दमात पाठवत नाही, कारण वाटेतील तारा किती भार सोसतील हे त्याला ठाऊक नसते. तो आधी साधारण 14 किलोबाइट पाठवतो, पोहोच मिळाली की 28, मग 56, 112, 224 असे दुप्पट करत जातो. या हिशेबाने 300 किलोबाइट पोहोचायला पाच फेऱ्या लागतात. आधीच्या दोन धरून सात फेऱ्या, म्हणजे 1,540 मिलिसेकंद. यातला बहुतेक वेळ तार रिकामी असते आणि दोन्ही टोके एकमेकांच्या पोचपावतीची वाट पाहत असतात.

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजेच सीडीएन, प्रकाशाचा वेग वाढवू शकत नाही. ते फेरी आखूड करते. मुंबईसारख्या शहरांत त्याचे सर्व्हर असतात आणि वेबसाइटच्या नावाचा पत्ता विचारला जातो, तेव्हा सहसा जवळच्या सर्व्हरकडे बोट दाखवले जाते. लातूर-मुंबई फेरी 25 मिलिसेकंदांची धरली, तर त्याच सात फेऱ्या 175 मिलिसेकंदांत आटोपतात. पहिल्या शेतकऱ्याने फोटो मागितला तेव्हा मुंबईत प्रत नसते, म्हणून ती व्हर्जिनियाहून आणावी लागते. नंतरच्या सगळ्यांना मात्र मुंबईतली जपून ठेवलेली प्रत मिळते.

खरी अडचण या जपून ठेवण्यातच आहे. सकाळी 11 वाजता नवा फलक त्याच नावाने चढवला आणि साडेअकरालाही कालचाच भाव दिसत असेल, तर पुढील आज्ञा देऊन पाहावे:

```
curl -sI https://example.com/bhav.jpg
```

उत्तरात अशा ओळी दिसू शकतात:

```
cache-control: public, max-age=86400
age: 52200
x-cache: HIT
```

`HIT` म्हणजे प्रत सीडीएनच्या साठ्यातून आली. `age` सांगते की ती 52,200 सेकंद, म्हणजे साडेचौदा तास जुनी आहे; काल रात्री 9 वाजता ती मुंबईत आली. `max-age` 24 तासांचे असल्याने आज रात्री 9 पर्यंत कालचाच भाव दाखवला जाईल. माल विकायला निघालेल्या माणसासाठी ही चूक उशिरापेक्षा कितीतरी वाईट आहे.

सीडीएनला ती प्रत काढून टाकायला सांगता येते, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याने सकाळी पान उघडले होते, त्याच्या मोबाइलच्या ब्राउझरनेही रात्री 9 पर्यंत स्वतःची प्रत ठेवलेली असते आणि तिच्यापर्यंत सीडीएनचा हात पोहोचत नाही. म्हणून माझ्या मते योग्य मार्ग एकच : रोजच्या फोटोच्या नावात तारीख घालावी आणि त्या नावाचा उल्लेख असलेले मूळ पान फक्त मिनिटभर साठवू द्यावे. नाव बदलले की जुनी प्रत कुठेही पडून असली तरी ती कोणी मागत नाही.

शेतकऱ्याने लॉगिन करून स्वतःच्या पट्टीची रक्कम पाहिली, तर ते पान साठवताच कामा नये. तेथे `cache-control` च्या ओळीत `private, no-store` हवेच, नाहीतर एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसण्याचा धोका असतो. अशा छोट्या पानालाही सीडीएनचा उपयोग होतो. जोडणीच्या दोन फेऱ्या मुंबईपर्यंतच होतात आणि पुढे व्हर्जिनियाकडे आधीपासून उघडी ठेवलेली जोडणी वापरली जाते. त्यामुळे लांबची फेरी एकच उरते, आणि 660 मिलिसेकंदांचे काम 300 च्या आत होते.