गाठींची दोरी (काटकोन आखणी)

दोरीवर १२ समान भाग पाडून, तिचा ३, ४ आणि ५ भागांच्या बाजूंचा त्रिकोण ताणून जमिनीवर काटकोन काढण्याची पद्धत. सुताराच्या काटकोनी गुण्याची पाती हात-दीड हात लांब असते. चौकट, फळी किंवा पेटीच्या कोपऱ्याला ती पुरते. २०-३० फुटांच्या घराचा पाया आखताना पुरत नाही. पातीला लावून पुढे नेलेली दोरी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जरी तिरकी लागली, तरी भिंतीच्या टोकाला तो तिरकेपणा काही इंचांचा होतो. दोरीचा त्रिकोण हवा तेवढा मोठा करता येतो, हा तिचा खरा उपयोग.

महाराष्ट्रातील खेड्यात लाकडी खांबांचे घर किंवा गोठा उभा राहायचा तेव्हा आखणीच्या वेळी सुतार हजर असे, कारण चूक झाली तर ती त्याच्याच अंगावर येई. खांबांची कुसवे, म्हणजे खाचेत बसणारी टोके, आणि तुळयांच्या खाचा आधी जमिनीवर कापून तयार होतात. खांबांखालचे दगडी तळखडे काटकोनात बसले नसतील, तर समोरासमोरची अंतरे बरोबर असूनही आडव्या-उभ्या लाकडांचे सांधे तिरके पडतात आणि खाच पुन्हा कोरावी लागते. कोरून सैल झालेला सांधा पुढे पाचर मारूनच सांभाळावा लागतो.

ज्या त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज तिसऱ्या बाजूच्या वर्गाएवढी असते, त्यात त्या दोन बाजूंमधला कोन काटकोनच असतो. ९ आणि १६ मिळून २५. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात तो ४८ वे विधान म्हणून येतो. कोन ठरतो तो बाजूंच्या प्रमाणावर, त्यामुळे एक भाग फुटाचा असो, हाताचा असो की काठीच्या लांबीचा, फरक पडत नाही.

दोरी तयार करणे

घराच्या कामाला २ फुटांचा एक भाग सोयीचा. म्हणजे मापाची दोरी २४ फूट आणि बांधायला दोन्ही टोकांना हातभर जास्त. नवी दोरी लगेच मापू नये; एक रात्र वजन टांगून तिचा पीळ बसू द्यावा. गाठ मारली की ती दोरी खाते, आणि आवळताना जागाही सोडते. म्हणून आधी खुणा करून मग गाठी मारल्या तर सगळे भाग आखूड भरतात. गाठ सैल मारावी, टेपच्या आकड्यावर सरकवावी, तिथेच आवळावी आणि पुन्हा मापावी. प्रत्येक गाठ मागच्या गाठीपासून न मोजता पहिल्या गाठीपासून मोजावी, नाही तर अर्ध्या-अर्ध्या सुताची चूक पुढे साठत जाते.

दोरी उघडी असेल तर १२ भागांना १३ गाठी लागतात, दोन्ही टोके एकच धरली तर १२. कामाच्या मात्र चारच: सुरुवात, ८ फूट, १८ फूट आणि २४ फूट. बाकीच्या फक्त मोजायला. त्यामुळे जाणते कारागीर चारच ठिकाणी खूण ठेवतात, आणि तीही गाठीऐवजी पिळातून ओवलेल्या रंगीत धाग्याची, कारण गाठ बोटाएवढी जाड असते आणि तिच्या नेमक्या मध्याविषयी दोन माणसांचे एकमत होत नाही.

जमिनीवरची आखणी

३० फूट लांब आणि २० फूट रुंद गोठा घेऊ. समोरची बाजू रस्त्याला समांतर धरून दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणली, ती पाया-रेषा. तिच्यावर पहिला कोपरा ठरवून तिथे खुंटी ठोकायची आणि खुंटीच्या डोक्यावर मधोमध खिळा. हा खिळा महत्त्वाचा आहे. दोरी खुंटीलाच गुंडाळली तर दीड-दोन इंच जाडीचे लाकड मापात शिरते. एका खुंटीची आतली बाजू आणि दुसऱ्या खुंटीची बाहेरची बाजू धरली गेली तर चूक इंचाच्या पुढे जाते.

गाठींच्या दोरीची दोन्ही टोके कोपऱ्याच्या खिळ्याला अडकवायची. ८ फुटांची खूण पाया-रेषेवर ताणून तिथे दुसरी खिळ्याची खुंटी ठोकायची. मग १८ फुटांची खूण हातात धरून बाजूला ओढत जायचे. दोन्ही फाटे सारखे ताणले गेले की खूण जिथे थांबते तिथे तिसरी खुंटी. कोपऱ्यापासून तिसऱ्या खुंटीपर्यंत ६ फूट, दुसरीपासून तिसरीपर्यंत १० फूट. कोपरा आणि तिसरी खुंटी यांच्यावरून सरळ दोरी पुढे नेली आणि २० फुटांवर खुंटी मारली की आडवी भिंत मिळाली. दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यावर हेच उलट्या दिशेने करायचे. चारही कोपरे पक्के झाल्यावरच रेषांवर चुन्याची फक्की मारायची.

मोजण्यातल्या मोठ्या चुका लगेच उघड्या पडतात. ४ आणि ९ भागांऐवजी ४ आणि ८ धरले तर तिन्ही बाजू सारख्या होऊन ६० अंशांचा कोन दिसतो. ४ आणि १० धरले तर त्रिकोणच होत नाही, दोरी रेषेवर पडते. गंमत म्हणजे सुरुवातीची गाठही मोजून दोन्हीकडे एक-एक भाग कमी धरला, म्हणजे ३ आणि ८, तर बाजू ३, ५, ४ येतात आणि काटकोन त्याच कोपऱ्यात मिळतो. नुकसान होते ते बारीक चुकीने.

चूक किती वाढते

१० फुटांच्या फाट्यात एक सूत जास्त गेले तर २० फुटांच्या भिंतीच्या टोकाला सुमारे ४ सूत, म्हणजे अर्धा इंच सरक येते. हीच चूक ३-४-५ फुटांच्या लहान दोरीत झाली तर सरक एक इंचाची. ९-१२-१५ फुटांच्या दोरीत ती ३ सुतांपर्यंत खाली येते. म्हणून जागा असेल तर दोरी मोठी घ्यावी.

ताणामुळे होणाऱ्या चुकीबद्दल गैरसमज पुष्कळ आहे. दोरी सगळीकडे सारखी ताणली गेली किंवा भिजून सारखी आखडली, तर त्रिकोण लहान-मोठा होतो, कोन बदलत नाही. नायलॉनची दोरी वाईट ठरते ती वेगळ्या कारणाने: पाया-रेषेवरची बाजू सैल लावून बाकीच्या दोन बाजू जोर करून ओढल्या जातात. त्या दोन बाजू शंभरात एक भाग वाढल्या तरी २० फुटांवर तीन इंचांपेक्षा जास्त फरक पडतो. अर्धी दोरी दवाने भिजलेली आणि अर्धी कोरडी असली तरी हेच होते. काथ्याच्या आणि सुती दोरीला हे विशेष लागू आहे.

उताराचेही तसेच आहे. जमीन एका भुजेच्याच दिशेने उतरत असेल आणि दुसरी भुजा सपाटीवर असेल, तर काटकोन शाबूत राहतो. उतारावरची लांबी तेवढी नकाशात कमी भरते. उतार तिरका असेल तर मात्र कोन बिघडतो. ६ आणि ८ फुटांच्या दोन्ही भुजा कोपऱ्यापासून एकेक फूट खाली गेल्या, तर वरून पाहता कोन काटकोनापेक्षा सव्वा अंशाने मोठा होतो, आणि २० फुटांवर ते ५ इंच भरतात. अशा जागी खुंट्या उंच घेऊन पाण्याच्या नळीने दोरी एका पातळीत बांधतात आणि खुणा ओळंब्याने जमिनीवर उतरवतात.

कर्णाची पडताळणी

समोरासमोरच्या भिंती मापून सारख्या असल्या तरी चौकोन तिरका असू शकतो. खात्री दोन कर्णांनी होते. २० बाय ३० च्या आखणीत प्रत्येक कर्ण ३६ फूट आणि पाऊण इंचाला थोडा कमी यायला हवा. आकडा पाठ नसला तरी चालते. दोन्ही कर्ण एकाच दोरीने मापून सारखे आले की पुरे, मात्र समोरासमोरच्या बाजू आधी जुळलेल्या असल्या पाहिजेत. ही तपासणी गाठींच्या दोरीपेक्षा तिखट आहे: भिंतीचे टोक ४ सूत सरकले असेल तर कर्णांत सुमारे ७ सुतांचा फरक दिसतो.

दुरुस्ती करताना एकच खुंटी हलवू नये, बाजूची लांबी बिघडते. पाया-रेषेच्या दोन खुंट्या जागेवर ठेवून मागच्या दोन्ही खुंट्या मागच्या रेषेवरूनच, लांब कर्ण आखूड होईल त्या दिशेला सरकवायच्या. या मापाच्या आखणीत सरक कर्णांच्या फरकाच्या सुमारे सहा दशांश ठेवावी लागते. फरक २ इंचांचा असेल तर सव्वा इंच सरकवून पुन्हा मापावे.

जुनी पद्धत

यज्ञाच्या वेदी मापण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन आपस्तंब शुल्बसूत्रात सोमयागाच्या महावेदीसाठी दिलेली कृती याहून सुटसुटीत आहे. वेदीची पूर्व-पश्चिम मध्यरेषा ३६ एककांची, पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४. ३६ च्या दोरीला १८ जोडून ५४ ची दोरी घ्यायची आणि पश्चिम टोकापासून १५ वर खूण करायची. टोके मध्यरेषेच्या दोन खुंट्यांना बांधून खूण बाजूला ओढली की १५, ३६ आणि ३९ चा त्रिकोण होतो आणि पश्चिमेच्या अर्ध्या बाजूचे टोक थेट हाती येते. पूर्वेला दोरी उलटी बांधून तशीच ओढायची, फक्त खुंटी १२ वर ठोकायची. तिसरी बाजू जमिनीवर आधीच मापलेली असल्यामुळे दोरीत ती धरावी लागत नाही. याच रीतीने वरच्या गोठ्याला १६ फुटांची दोरी आणि ६ फुटांवर एक खूण एवढ्यानेही काम होते. ८ फुटांची बाजू मात्र वेगळी नीट मापलेली हवी.

इजिप्तमध्ये पिरॅमिडांची आखणी १२ गाठींच्या दोरीने होत असे, हे वाक्य शाळेच्या पुस्तकांत सर्रास आढळते. त्याला प्रत्यक्ष पुरावा नाही. तिथे दोरीने जमीन मापणारे लोक होते हे खरे. ३-४-५ ची जोड मॉरिट्झ कँटर या गणिताच्या इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकात अंदाजाने दिली आणि पुढे तीच वस्तुस्थिती म्हणून चालत राहिली.

मर्यादा

त्रिकोणाला मोकळी जागा लागते, त्यामुळे जुन्या भिंतीला खेटून खोली वाढवताना ही दोरी अडते. तिथे भिंतीलाच पाया-रेषा धरायचा मोह होतो. पण गिलावा फुगलेला असला तर ८ फुटांत अर्धा इंच सहज चुकतो. भिंतीपासून हातभर अंतरावर दोरी बांधून त्रिकोण बाहेरच्या बाजूला काढतात. दार-खिडकीच्या चौकटीला गाठींची दोरी निरुपयोगी आहे. तिथे कर्ण पट्टीने मापून, दोन्ही सारखे आल्यावर कोपऱ्यावर तिरकी फळी खिळ्यांनी ठोकतात आणि चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत ती काढत नाहीत.