गॅस सुटायच्या आधीचे दोन घोट

सोलापुरातल्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डात सकाळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “गॅस पास झाला का?” पोटाच्या ऑपरेशननंतर तो होईपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, म्हणजे आतल्या टाक्यांना पूर्ण विश्रांती मिळते, अशी समजूत पक्की आहे. बहुतेक पेशंटच्या बाबतीत हा नियम आता मागे पडला आहे.

पोट उघडून आतडी हाताळली की त्यांची हालचाल मंदावते. भूल, सूज आणि दुखणं थांबवणारी अफूवर्गीय औषधं त्यात भर घालतात. पण सगळा मार्ग एकदम सुरू होत नाही. लहान आतडं काही तासांत हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, तर मोठं आतडं साधारण दोन ते तीन दिवस घेतं. गॅस सुटतो तो या शेवटच्या टप्प्यावर. म्हणजे त्याची वाट पाहताना आधीच कामाला लागलेलं लहान आतडं आपण उपाशी ठेवतो. शिवाय तोंडाने काही दिलं नाही तरी लाळ, जठररस, पित्त मिळून रोज काही लिटर द्रव आतड्यात उतरतोच. टाक्यांना ‘पूर्ण विश्रांती’ तशीही मिळत नाही.

समजा, मोहोळच्या एका मावशींच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून सोमवारी उरलेल्या दोन टोकांना जोड दिला. संध्याकाळी शुद्ध नीट आली, मळमळ नाही, म्हणून डॉक्टरांनी घोट घोट पाणी द्यायला सांगितलं. मंगळवारी बिनदुधाचा चहा, डाळीचं पाणी, पातळ पेज. आणि कॉरिडॉरमध्ये धरून चालवणं. बुधवारी मऊ भात आणि ताक, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. गॅस सुटला तो गुरुवारी, म्हणजे जेवण सुरू झाल्यावर! पहिली शौच पातळ झाली, तेही चालतं. घरून आलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र बाजूलाच राहिली. आतून सूज असलेल्या जोडातून चोथा सहज सरकत नाही, म्हणून असे पदार्थ काही आठवडे थांबतात. किती, ते सर्जननेच सांगावं.

पुढचा टप्पा द्यायचा की नाही, हे पोट सांगतं. जेवल्यावर मळमळ, फुगून ताठ झालेलं पोट किंवा हिरवी उलटी झाली, तर खाणं लगेच थांबवून नर्सला सांगायचं. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम तपासतात, कधी नाकातून नळी घालून जठर रिकामं करतात. चार-पाच दिवसांनंतरही आतडं सुस्तच असेल, तर सीटी स्कॅन करून कारण शोधावं लागतं.

सगळ्यात जास्त लक्ष मात्र पाचव्या ते सातव्या दिवसाकडे द्यावं, आणि तोवर पेशंट बऱ्याचदा घरी पोचलेला असतो. जोड गळत असेल तर आधी सुटलेला गॅस बंद होतो, दुखणं वाढतं, ताप येतो, नाडी धावते. तेव्हा घरी एरंडेल किंवा एनिमा देऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे ऑपरेशन झालं तिथे परत न्या.